आई, टॅबवर ‘जागा संपली’ असं पुन्हा आलं की या क्रमाने जा

आई, निरोप लांब आहे. टॅबवर काम करता करता टॅबवरच वाचायला गेलीस तर दर वेळी स्क्रीन बदलावी लागेल, म्हणून हा बाबांच्या फोनवर उघडून फोन शेजारी ठेव. सगळं एका दिवसात करायचं नाहीये. प्रत्येक पायरीनंतर जागा किती झाली ते बघायचं आणि पुरेशी झाली की तिथेच थांबायचं. बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीपर्यंतच काम होतं.

टॅबची भाषा इंग्रजी असल्यामुळे बटणांची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच लिहिली आहेत. एखादं अपडेट आलं की नाव थोडं इकडेतिकडे होतं. शब्द तंतोतंत जुळला नाही तर अंदाजाने दाबू नकोस, फोटो काढून मला पाठव.

आधी लक्षणं

टॅब भरला की या गोष्टी साधारण एकत्रच सुरू होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो धूसर राहतो आणि खाली जाणाऱ्या बाणावर कितीही दाबलं तरी उतरत नाही. कॅमेरा उघडतो, पण फोटो काढायला गेलं की जागा नाही म्हणतो. अ‍ॅपची अपडेट अर्ध्यावर अडकतात. टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटतात, आणि चालू असलेलं अ‍ॅप मध्येच आपोआप बंद होतं.

यातलं एकच लक्षण असेल तर दोष बहुतेक जागेचा नसतो. फक्त व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो उतरत नसेल तर कॅमेऱ्याने भिंतीचा एक फोटो काढून बघ. तो निघाला आणि गॅलरीत दिसला, तर जागा आहे आणि अडचण वाय-फायची आहे. मग पुढचं काही करायची गरज नाही, राउटर बंद करून चालू कर.

कुठली जागा भरली आहे?

इथे सगळ्यांचाच गोंधळ होतो, कारण दोन्ही ठिकाणी ‘स्टोरेज फुल’ असंच लिहून येतं. एक जागा टॅबच्या आतली, आपल्या टॅबची ३२ जीबी. दुसरी गूगलच्या खात्यातली, इंटरनेटवरची. ती फुकट १५ जीबी मिळते आणि जीमेल, ड्राइव्ह व गूगल फोटो यांच्यात मिळून वापरली जाते. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपसुद्धा आता त्याच १५ जीबीमध्ये धरला जातो, पूर्वी धरत नसत.

टॅबमधून व्हिडिओ पुसले तरी खात्यातली जागा वाढत नाही. खात्यात पैसे देऊन जागा घेतली म्हणून टॅब रिकामा होत नाही. घरातलं कपाट आणि बँकेतला लॉकर यांच्यासारखं आहे हे. त्यामुळे सूचनेत ‘Google Account’, ‘Drive’, ‘Gmail’ यांपैकी एखादा शब्द दिसला, किंवा पैसे भरून जागा वाढवा असं आलं, तर काही दाबू नकोस. ते काम माझं. खाली जे लिहिलंय ते सगळं टॅबच्या आतल्या जागेसाठी आहे.

तिसरी एक सूचना असते ती सरळ खोटी. इंटरनेटवर काही वाचताना अचानक लाल किंवा पिवळ्या रंगात ‘टॅब भरला आहे, व्हायरस आहेत, लगेच साफ करा’ असं येतं, कधी आवाजही होतो. ती जाहिरात असते. टॅबची खरी सूचना वरून खाली ओढल्यावर दिसणाऱ्या यादीत येते आणि तिच्यावर दाबलं की Settings उघडतं. साफसफाई करून देतो म्हणणारं कुठलंही अ‍ॅप टाकू नकोस. ते स्वतःच जागा खातं, वर दिवसभर जाहिराती दाखवतं, आणि त्याला जे करता येतं ते सगळं टॅबमध्ये आधीपासून आहे.

सुरुवात: आकडा बघून लिहून ठेव

Settings उघड. वर भिंगाचं चित्र आहे, त्यावर दाबून `storage` लिही आणि खाली आलेल्या यादीतून Storage निवड. वर मोठ्या अक्षरात ३२ पैकी किती वापरले ते दिसेल आणि खाली कशाने किती जागा घेतली त्याची यादी. हा पहिला आकडा कॅलेंडरवर तारखेखाली पेनाने लिहून ठेव. नाहीतर तासभर पुसूनही काही फरक पडला की नाही हे कळत नाही.

उदाहरणासाठी आपलाच टॅब धरू. एकूण ३२, वापरलेले ३०.८, म्हणजे मोकळे १.२ जीबी. यादीत System १२, Apps ८.६, Videos ४.९, Images ३.१, Trash १.२, आणि गाणी-कागदपत्रं मिळून १.

System हे टॅबचं स्वतःचं सामान. त्याला हात लावता येत नाही, लावायचाही नाही. म्हणजे ३२ चा टॅब खरा आपल्याला २० जीबीचाच मिळतो, आणि त्यात चौघांचं सामान आहे.

दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की टॅब अडखळायला लागतो. आपल्यासाठी ती रेघ ३.२ जीबीची. पण अगदी रेघेवर आणून सोडलं तर आठवड्याने परत तेच होईल, म्हणून आपलं लक्ष्य ५ जीबी मोकळे. वापरलेल्याचा आकडा २७ च्या खाली आला की काम झालं.

इथे एक सावधगिरी. टॅब हळू झाला की आधी बंद करून चालू करायचा असं सगळेच सांगतात, एरवी ते बरोबरही आहे. पण मोकळी जागा अर्ध्या जीबीच्याही खाली गेली असेल तर टॅब बंद करू नकोस. पूर्ण भरलेला टॅब चालू होताना कधी कधी कंपनीच्या नावावरच अडकून बसतो, कारण सुरू व्हायलाही त्याला थोडी मोकळी जागा लागते. आधी पहिली पायरी करून थोडी जागा कर, मग हवं तर बंद-चालू कर.

पायरी १: उतरवून ठेवलेले कार्यक्रम

सगळ्यात सोपी आणि बिनधोक पायरी हीच, कारण इथे पुसलेलं कधीही परत उतरवता येतं. काहीच कायमचं जात नाही.

यूट्यूब उघड. खाली उजव्या कोपऱ्यात You आहे, त्यात Downloads. बाबांची नाट्यसंगीताची आणि छोटीची बालगीतं इथे साठतात. प्रत्येक व्हिडिओशेजारी तीन ठिपके आहेत, त्यावर दाबलं की पुसायचा पर्याय येतो. ऐकून झालेले सगळे पुस. पण बाबांना एकदा विचार, प्रवासासाठी मुद्दाम उतरवलेलं त्यात काही असतं. मालिका-सिनेमांच्या अ‍ॅपमध्येही असंच Downloads असतं. तिथे एक सिनेमा एक-दीड जीबीचा असू शकतो, तेव्हा तेही उघडून बघ.

हे मुद्दाम सांगायचं कारण असं की Storage च्या यादीत हे सामान Videos मध्ये दिसत नाही. उतरवलेले कार्यक्रम त्या त्या अ‍ॅपच्या पोटात असतात, म्हणून ते Apps च्या आकड्यात मोजले जातात. गॅलरीत शोधून ते सापडत नाहीत आणि मग ‘व्हिडिओ तर काहीच नाहीत, तरी टॅब भरला कसा’ असं वाटतं. आपल्या ८.६ मधले २.३ जीबी नुसते यूट्यूबचे आहेत.

परत Storage मध्ये जाऊन आकडा बघ. ३०.८ मधून २.३ गेले, म्हणजे २८.५ उरले. मोकळे ३.५. टॅब चालायला लागला असेल, पण अजून थांबायचं नाही.

पायरी २: व्हॉट्सअ‍ॅपमधले व्हिडिओ

दर वेळचा खरा दोष इथेच असतो, म्हणून ही पायरी सावकाश कर.

सुप्रभातचे फोटो जागा खातात असं सगळे म्हणतात. हिशोब वेगळं सांगतो. फुलांचा, देवाचा, सुविचाराचा एक फोटो साधारण १५० केबीचा. रोज साठ आले तरी महिन्याला २७० एमबी, म्हणजे पाव जीबीच्या आसपास. एक फॉरवर्ड व्हिडिओ सहज १२ एमबीचा असतो. भिशीच्या ग्रुपवर, भजनी मंडळात आणि सोसायटीत मिळून रोज पाचच आले तरी महिन्याला १.८ जीबी होतात. तेव्हा एकेक फोटो पुसत दुपार घालवू नकोस. व्हिडिओ काढ.

1. व्हॉट्सअ‍ॅप उघड. वर उजवीकडे तीन ठिपके, त्यात Settings, मग Storage and data, मग Manage storage.
2. वर दोन चौकटी दिसतील: Larger than 5 MB आणि Forwarded many times. दुसरीत अनेक हातांतून फिरत आलेलं सामान असतं, ज्यावर दोन बाणांची खूण येते तेच. त्यात घरचं असं सहसा काही नसतं, म्हणून सुरुवात तिथून कर.
3. त्यात शिरल्यावर छोटी छोटी चित्रं दिसतील. वर उजवीकडच्या आडव्या रेघांवर दाबून Largest निवड, म्हणजे सगळ्यात मोठं सामान वर येईल.
4. पहिल्या चित्रावर बोट दाबून धर, बरोबरची खूण येईल. मग बाकीच्यांवर नुसतं टेकवत जा. वीस-पंचवीस झाले की वरच्या कचऱ्याच्या डब्यावर दाब. Select all वापरू नकोस.
5. एकच व्हिडिओ तीन ग्रुपवर आला असेल तर सगळ्या प्रती पुसायच्या का असं विचारलं जातं. हो म्हण. एक जरी प्रत राहिली तरी ती फाइल टॅबमध्ये राहते आणि जागा सुटत नाही.
6. हे झालं की मागे येऊन Larger than 5 MB मध्ये तसंच कर. इथे मात्र डोळे उघडे ठेव, कारण ताईने पाठवलेला बारशाचा व्हिडिओही ५ एमबीपेक्षा मोठाच असतो.

चित्रावरून कळत नसेल तर निवडायच्या आधी त्यावर एकदाच टेकव, व्हिडिओ उघडेल, बघ आणि मागे ये. हे इतकं जपून का, तर गॅलरीतून पुसलेलं महिनाभर डब्यात पडून राहतं, पण इथून पुसलेलं त्याच क्षणी जातं. परत मिळवायचं तर ज्याने पाठवलं त्याच्याकडे मागावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅप तुझ्या नंबरचं आहे आणि ते फक्त या टॅबवर आहे. तुझ्या साध्या फोनवर नुसता ओटीपी येतो, गप्पा तिथे नाहीत. म्हणून आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. Settings मध्ये Apps मधून एखादं अ‍ॅप उघडून Storage मध्ये गेलं की दोन बटणं अगदी शेजारी शेजारी असतात. उजवीकडे Clear cache आणि डावीकडे Clear data, काही टॅबवर त्यालाच Clear storage म्हणतात. उजवं दाबलं तर तात्पुरता केर निघतो, नुकसान काही नाही. डावं दाबलं तर अ‍ॅप आज नव्याने आणल्यासारखं कोरं होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत कोरं म्हणजे सगळ्या गप्पा गेल्या, बॅकअप असेल तेवढ्याच परत. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपसाठी त्या पानावर जाऊच नकोस. यूट्यूब, क्रोम, फेसबुक यांचं Clear cache करायला हरकत नाही, पण त्याने मिळणारी जागा चार दिवसांत परत भरते. त्यावर भिस्त ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

व्हिडिओ काढून झाले की परत आकडा बघ. ३.१ जीबी निघाले तर वापरलेले २५.४ आणि मोकळे ६.६. लक्ष्य ५ चं होतं. आता थांब. पुढच्या पायऱ्या करायला घेऊ नकोस, कारण तिथून पुढे घरच्या फोटोंचा संबंध येतो आणि उगाच धोका पत्करायचं कारण नाही.

परत भरू नये म्हणून एक बटण

याशिवाय दुसरी पायरी म्हणजे नळ चालू ठेवून बादली उपसणं आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या त्याच Storage and data मध्ये Media auto-download आहे. त्यात When connected on Wi-Fi वर दाब आणि Videos समोरची खूण काढून टाक. Photos ची राहू दे. When using mobile data मध्येही तसंच कर.

यापुढे व्हिडिओ धूसर दिसतील आणि त्यांवर आकार लिहिलेला असेल. जो बघायचाय त्यावर टेकवलं की तेवढाच उतरेल. म्हणजे टॅब बिघडलेला नाही, आपणच तसं ठरवलंय. आवाजी निरोप मात्र आपोआप उतरत राहतात. ते लहान असतात, असू देत.

दादाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर टॅब लावला की टॅब त्याला वाय-फायच समजतो. म्हणून खूण वाय-फायच्या खान्यातून काढणं जास्त महत्त्वाचं. नाहीतर टॅबही भरतो आणि दादाचा डेटाही दुपारपर्यंत संपतो.

Chats मध्ये Media visibility नावाचं आणखी एक बटण आहे. जागा वाचवायला म्हणून ते बंद करायचा सल्ला कुणीतरी देईल. त्याने फक्त व्हॉट्सअ‍ॅपचं सामान गॅलरीत दिसेनासं होतं. सामान असतं तिथेच. पडदा ओढल्याने पसारा कमी होत नाही.

पायरी ३: कचऱ्याचा डबा

दुसऱ्या पायरीनंतरही २७ च्या वरच असशील तर इथे ये. गॅलरीतून किंवा फाइल्सच्या अ‍ॅपमधून पुसलेलं साधारण ३० दिवस डब्यात राहतं आणि तोवर जागा अडवतं. तासभर गॅलरीतले फोटो पुसूनही आकडा हलत नाही तो यामुळेच. त्या यादीतला Trash चा १.२ हाच.

Storage च्या पानावर Trash वर दाबलं की आतलं दिसतं. नुसतं Empty दाबू नकोस, आधी बोटाने वर सरकवत एकदा सगळं बघ. टॅब चौघांचा आहे, छोटीच्या हातून भलतेच फोटो डब्यात गेलेले असू शकतात. असा एखादा दिसला तर तो निवडून Restore, आणि मग उरलेला डबा रिकामा कर. डब्यातून गेलेलं दुकानदारालाही सहसा परत काढता येत नाही.

पायरी ४: आपणच काढलेले व्हिडिओ

टॅबच्या कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ फॉरवर्डच्या दहापट जड असतो. फुल एचडीत एका मिनिटाला साधारण १३० एमबी लागतात. गणपतीची पाच मिनिटांची आरती म्हणजे साडेसहाशे एमबी, पन्नासच्या वर फॉरवर्ड व्हिडिओंएवढी जागा.

ती आरती ग्रुपवर पाठवलीस तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपने तिची दाबून लहान केलेली प्रत बनवली आणि तीही टॅबवरच ठेवली. आता आरतीच्या दोन प्रती आहेत, जड ती मूळची आणि हलकी ती पाठवलेली. ‘ग्रुपवर आहेच की’ म्हणून मूळ पुसू नकोस. हलकीमध्ये चेहरे पुसट होतात आणि मोठ्या टीव्हीवर लावली तर ते लगेच दिसतं.

असे मूळ व्हिडिओ दुसरीकडे नेऊन मगच टॅबमधून काढायचे. दादा आला की त्याच्या लॅपटॉपवर वायरने उतरवून घे. तिथे व्हिडिओ उघडून चालतोय हे बघ, मधला एखादा भाग पुढे सरकवूनही बघ, आणि मगच टॅबमधला पुस. अर्धवट उतरलेली फाइल नावाने पूर्ण दिसते आणि मध्येच थांबते.

मेमरी कार्ड घालून हेच करता येतं. पण व्हॉट्सअ‍ॅप किंवा त्याचे व्हिडिओ कार्डावर राहायला जात नाहीत, कार्डाचा उपयोग फक्त आपल्या फोटो-व्हिडिओंना. आणि रस्त्यावर अगदी स्वस्तात मिळणारं ‘५१२ जीबी’चं कार्ड घेऊ नका. त्यावर लिहिलेला आकडा खोटा असतो. खरी जागा संपली की पुढचं सगळं वरवर उतरल्यासारखं दिसतं आणि उघडत नाही. घ्यायचंच तर पक्क्या बिलावर, ओळखीच्या दुकानातून ६४ जीबीचं घ्या.

पायरी ५: गूगल फोटो, पण मला फोन लावून

ही पायरी एकटीने करू नकोस. टॅबवर आणि बाबांच्या फोनवर गूगलचं एकच खातं आहे. गूगल फोटो अ‍ॅपमध्ये टॅबवर एखादा फोटो नेहमीसारखा पुसला, तर तो बाबांच्या फोनवरूनही जातो आणि इंटरनेटवरूनही. एकाच वहीची दोन पानं आहेत असं समज, एकीकडे खोडलं की दुसरीकडेही खोडलं जातं. डब्यात तो बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस राहतो, झालेला नसेल तर ३०. तेवढ्यात कळलं तर परत आणता येतो.

इथे कामाचं बटण वेगळं आहे. वर उजवीकडे आपल्या चेहऱ्याच्या गोल चित्रावर दाबलं की Free up space दिसतं. ते फक्त इंटरनेटवर जाऊन पोहोचलेल्या फोटोंच्या टॅबमधल्या प्रती काढतं. पण त्याआधी त्याच गोल चित्राखाली Backup complete लिहिलेलं हवं. १५ जीबी भरलेले असतील तर बॅकअप अडकलेला असतो आणि या बटणाने फारसं काही सुटत नाही. हे बटण दाबल्यावर गॅलरीत फोटो दिसेनासे होतात आणि गूगल फोटोमध्ये इंटरनेट असेल तेव्हाच उघडतात. ते गेलेले नसतात, जागा बदललेली असते. हे आधी माहीत नसलं की काळजात धस्स होतं.

पायरी ६: छोटीचं खातं

वरची पट्टी दोन बोटांनी खाली ओढलीस की एका कोपऱ्यात माणसाचं छोटं चित्र दिसेल. त्यावर दाबल्यावर दोन-तीन नावं आली तर टॅबवर प्रत्येकाची वेगळी खोली केलेली आहे. घर तेच, ३२ जीबीचंच. पण तुझ्या खोलीतून छोटीच्या खोलीतलं सामान दिसत नाही. तिने तिकडे तीन मोठे खेळ उतरवले तर ते सहज पाच जीबी घेतात आणि तू इकडे कितीही पुसलंस तरी कोडं सुटत नाही. काही टॅबवर Storage च्या यादीत Other users म्हणून हा आकडा दिसतो. तो मोठा असेल तर छोटीला तिच्या खात्यात जाऊन न खेळलेले खेळ काढायला सांग. खेळाच्या चित्रावर बोट दाबून धरलं की Uninstall येतं.

त्याच पानावर Remove user किंवा Delete user दिसेल. ते दाबलं तर तिची खोली सामानासकट जाते, चित्रं, खेळातली प्रगती, सगळं. विचारल्याशिवाय नाही.

इथे थांब आणि फोन कर

सगळं करूनही आकडा हलत नसेल, टॅब एकदा बंद-चालू केला आणि तासाभराने बघितलं तरी तेवढाच, किंवा System चा आकडा दर आठवड्याला आपोआप वाढताना दिसला, तर ते घरी सुटणारं नाही. टॅब चालू होताना कंपनीच्या नावावरच अडकला तर पुन्हा पुन्हा बंद-चालू करत बसू नकोस, दहा मिनिटं वाट बघून तसाच ठेव. मेमरी कार्ड घातल्यावर Format करायचं का असं विचारलं तर नाही म्हण आणि कार्ड काढून ठेव, कारण हो म्हटलं की कार्डावरचं सगळं पुसलं जातं. Factory reset किंवा Erase all data हे शब्द कुठेही दिसले तर मागे ये. आणि जागा साफ करताना कोणी ओटीपी मागत असेल तर तो चोर आहे, या कामात ओटीपी कुठेच लागत नाही.

अशा वेळी टॅब कंपनीच्या सर्विस सेंटरलाच न्यायचा. कोपऱ्यावरचा मोबाइलवाला ‘काकू, फॉरमॅट मारून देतो, दहा मिनिटांचं काम’ म्हणेल. त्याचं काम दहा मिनिटांचंच आहे, पण त्यात तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा जातात. सर्विस सेंटरवालेही बहुतेक वेळा टॅब कोराच करतात, म्हणून टॅब चालत असेल तर न्यायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings मध्ये Chats, मग Chat backup, आणि तिथलं Back up बटण दाब. Include videos बंद ठेव, नाहीतर १५ जीबीत मावणार नाही. वर तारीख आजची आणि वेळ आत्ताची दिसली की बॅकअप झाला. परत आणल्यावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू करताना ओटीपी तुझ्या साध्या फोनवर येईल, तेव्हा तो चार्ज करून जवळ ठेव. सहा आकडी पिन विचारली तर ती तुझ्या निळ्या डायरीत शेवटच्या पानावर आहे.

टॅब देताना मेमरी कार्ड आणि सिम काढून घे, आणि पावतीवर तक्रार त्यांच्याकडून लिहून घे: ‘जागा रिकामी करूनही आकडा कमी होत नाही’. नुसतं ‘स्लो चालतो’ लिहिलं तर टॅब कोरा करून परत देतात.